आठवड्याला किती लागेल, ते आधी लिहा

“साहेब, कोबी घेता का कोबी? दोन-चार गड्डे घरी न्या.” अन्नछत्राच्या आचारीमामांनी मला दारातच अडवलं. आत पाहिलं तर भिंतीला टेकून कोबीची पोती रचलेली. खालच्या पोत्यातून पाणी झिरपत होतं आणि वास सुटला होता. त्याच खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात डाळीचा डबा उपडा करून ठेवलेला होता. डाळ संपून दोन दिवस झाले होते.

ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. आमच्या तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालयाजवळ काही मंडळींनी रोज संध्याकाळी अन्नछत्र चालू केलं होतं. दाखल झालेल्या रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळतं. पण त्याच्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्या आईला, बाळंतिणीबरोबर आलेल्या सासूला ते मिळत नाही. वाडीवस्तीवरून आलेला माणूस चार दिवस हॉटेलात जेवू शकत नाही. मग वडापाव खाऊन किंवा नुसत्या चहावर रात्र काढतो. अशा शंभरेक नातेवाइकांना एक वेळ पोटभर जेवू घालायचं, एवढाच या मंडळींचा उद्देश.

मी कृषी विस्ताराचा माणूस. स्वयंपाकाशी माझा संबंध नाही. पण तिथं काम करणाऱ्या एक ताई आमच्या ओळखीच्या. त्यांनी मला बोलावलं, कारण कोबी शेतकऱ्यांकडून आला होता आणि तो नाकारायचा कसा हे त्यांना समजत नव्हतं. बोलता बोलता लक्षात आलं, की दोष कोबीचा नाही, शेतकऱ्याचा तर नाहीच नाही. दोष होता तो ताईंनी दुकानदारांना पाठवलेल्या ई-मेलमध्ये.

पहिलं पत्र का फसलं?

ताईंनी गावातल्या चाळीसेक दुकानदारांना ई-मेल केला होता. भाषा नम्र होती, अन्नदानाचं महत्त्व सांगितलेलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, “तरी आपण यथाशक्ती धान्य व भाजीपाला देऊन सहकार्य करावे.” आपण सगळे असंच लिहितो. सप्त्याची वर्गणी असो की शाळेचं स्नेहसंमेलन, ‘यथाशक्ती’ हा शब्द ठरलेला.

पण दुकानदाराच्या बाजूनं विचार करा. त्याला ‘यथाशक्ती’ म्हणजे किती ते कळत नाही. थोडं द्यावं तर लाज वाटते, जास्त द्यावं तर परवडत नाही. मग तो एक तर ‘बघू पुढं’ म्हणून पत्र बाजूला ठेवतो, नाही तर दुकानात जे पडून आहे ते देऊन मोकळा होतो. पहिल्या आठवड्यात नेमकं तेच झालं. तांदळाचे तीन कट्टे आले, कारण दान म्हटलं की तांदूळ अशी आपली रीतच आहे. मिठाच्या पुड्या ढीगभर आल्या. डाळ महाग, म्हणून ती फक्त दोन किलो आली. पत्राची बातमी बाजार समितीत पोहोचली तेव्हा कोबीचा भाव पडलेला होता. एका शेतकऱ्यानं लिलावात बोली लागेना म्हणून जवळजवळ तीन क्विंटल कोबी टेंपोनं आणून उतरवला. त्याची भावना चांगली होती. पण शंभर माणसांनी रोज कोबीच खाल्ला तरी तो संपायला तीन आठवडे लागले असते, आणि पावसाळ्यात पोत्यात भरलेला कोबी आठवडाभरही धड राहत नाही.

गुरुवारी डाळ संपली. शुक्रवारी भात आणि कोबी एवढंच वाढलं. वर्गणीच्या पैशातून डाळ आणायची तर तेलाला पैसे उरत नव्हते. शनिवारी शेवटच्या तीस-चाळीस लोकांना ‘आज संपलं’ म्हणून परत पाठवावं लागलं. ताई म्हणाल्या, “खोलीत पोती भरलेली होती आणि लोक उपाशी गेले. हे कसं सांगायचं कुणाला?”

ताटापासून सुरुवात

दुसऱ्या दिवशी ताई, आचारीमामा आणि मी असे तिघं वही घेऊन बसलो. मामांना लग्नाच्या पंगतीचा चाळीस वर्षांचा अनुभव. शंभर माणसाला किती, हे त्यांना तोंडपाठ. पण लग्नाचा हिशेब रोजच्या जेवणाला चालत नाही. लग्नात गोड पदार्थ असतो, पोळी कमी जाते. इथं दिवसभर उपाशी असलेला माणूस पोळीच जास्त मागतो. म्हणून आम्ही एका ताटापासून सुरुवात केली.

आधाराला शाळेच्या पोषण आहाराचं प्रमाण घेतलं, कारण ते सगळ्या ग्रामपंचायतींना माहीत आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम आणि भाजी ७५ ग्रॅम धरतात. मोठ्या माणसाला याहून जास्त लागणार. मामांनी रोजच्या अंदाजानं सांगितलं, आम्ही तराजूवर ताडून पाहिलं आणि एका ताटाचं प्रमाण ठरलं ते असं: पोळीसाठी पीठ १२० ग्रॅम, तांदूळ ८० ग्रॅम, डाळ ४० ग्रॅम, निवडून चिरलेली भाजी १५० ग्रॅम, कांदा ३० ग्रॅम आणि तेल १५ ग्रॅम. एवढ्यात चार मध्यम पोळ्या, भात, वरण आणि भाजी होते.

शंभर माणसं आणि सात दिवस, म्हणजे सातशे ताटं. आता गुणाकार सोपा आहे. तांदूळ ५६ किलो, डाळ २८ किलो, तेल साडेदहा किलो. पीठ लागतं ८४ किलो. पण गहू चाळताना खडे-काडी जाते, गिरणीत थोडं उडतं, म्हणून गहू ९० किलो धरला.

खरी चूक होते ती भाजीत. ताटात १५० ग्रॅम भाजी पडायची तर बाजारातून १५० ग्रॅम आणून चालत नाही. आम्ही आठवडाभर भाजी निवडण्याआधी आणि निवडल्यानंतर वजन करून पाहिली. मेथीच्या दहा किलो जुड्यांतून सहा किलोच्या आतच भाजी निघाली, बाकी देठ, मुळं आणि माती. कोबीचं वरचं पान आणि दांडा काढला तर किलोमागं शंभर-सव्वाशे ग्रॅम गेले. वांगी-टोमॅटोत किडकं-फुटकं निघतं. सगळ्या भाज्यांचा मेळ घातला तर पाचातला एक भाग वाया जातो असं दिसलं. सातशे ताटांना निवडलेली भाजी लागते १०५ किलो, म्हणून बाजारभाजी मागायची १३० किलो. कांदा सालीसकट २४ किलो.

हे आकडे आमच्या अन्नछत्राचे आहेत. तुमच्या गावात भाकरी खाणारे जास्त असतील, कुठे भात जास्त लागेल. आकडे उचलू नका, रीत उचला. आधी ताट, मग माणसं, मग दिवस आणि शेवटी वाया जाणारा भाग.

मोठा आकडा लहान वाट्यांत

आता ‘गहू ९० किलो पाहिजे’ असं पत्रात लिहिलं तर काय होईल? दुकानदार म्हणेल, एवढा मी कुठून देऊ? मामांनीच तोड काढली. ते म्हणाले, “आमच्या गावी सप्त्याला पंगती वाटून घेत्यात. एकानं सगळं नाही घ्यायचं. तसंच करा की.” मग आम्ही प्रत्येक जिन्नसाचे वाटे पाडले. गव्हाचा वाटा १० किलोचा, असे नऊ. तांदळाचा ७ किलोचा, असे आठ. डाळ महाग म्हणून तिचा वाटा मुद्दाम लहान ठेवला, २ किलोचा, असे चौदा. भाजीचा वाटा १० किलोचा, असे तेरा. कांद्याचे ६ किलोचे चार. सगळे मिळून अठ्ठेचाळीस वाटे झाले. तेल, मीठ-मसाला आणि गॅस वर्गणीतून आणायचं ठरलं.

वाटा लहान असण्याचा फायदा नुसता देणाऱ्यालाच होतो असं नाही. नऊपैकी एका दुकानदाराचा गहू एखाद्या आठवड्यात आला नाही तर दहाच किलोची तूट पडते, ती भरता येते. एकाच मोठ्या शेठजींवर नव्वद किलो सोपवले आणि ते गावाला गेले, तर सगळी चूल बंद.

दुसरं पत्र

ताईंनी नवा ई-मेल लिहिला. शेतकरी बंधूंना आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना उपयोगी पडेल म्हणून तो इथं जवळजवळ जसाच्या तसा देतो. फक्त नावं आणि मोबाईल क्रमांक गाळले आहेत.

“विषय: रुग्णालयाजवळील अन्नछत्र – दर आठवड्याचा एक वाटा (१ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर)

सप्रेम नमस्कार.

उपजिल्हा रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही रोज संध्याकाळी सात वाजता विनामूल्य जेवण देतो. रोज सुमारे शंभर माणसं जेवतात. त्यासाठी आठवड्याला लागणारे जिन्नस असे:

गहू ९० किलो – १० किलोचे ९ वाटे – सोमवारी
तांदूळ ५६ किलो – ७ किलोचे ८ वाटे – सोमवारी
डाळ २८ किलो – २ किलोचे १४ वाटे – सोमवारी (तूर, मूग, मसूर, हरभरा, कोणतीही चालेल)
कांदा २४ किलो – ६ किलोचे ४ वाटे – सोमवारी
बटाटा ३ वाटे, दुधी किंवा लाल भोपळा ४ वाटे – १० किलोचा वाटा – सोमवारी
कोबी किंवा फ्लॉवर २ वाटे, वांगी, टोमॅटो किंवा भेंडी ३ वाटे, पालेभाजी १ वाटा – १० किलोचा वाटा – गुरुवारी

आपण यातला कोणताही एक वाटा तीन महिन्यांसाठी घ्यावा अशी विनंती आहे. दर आठवड्याला जमत नसेल तर महिन्यातून एकदा घेतला तरी चालेल, पण कोणत्या तारखेला ते कळवावे. माल आमचा माणूस सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान येऊन घेऊन जाईल आणि लगेच वजनाची पावती देईल.

पुढील माल कृपया देऊ नये: बियाण्याचे उरलेले धान्य, किडलेले किंवा ओल लागलेले धान्य, मुदत संपलेले पाकीट, शिजवलेले अन्न. भाजीवर फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण झालेलेच भाजीपाला द्यावा.

एका आठवड्यात ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर आम्हाला ठेवायला जागा नाही. म्हणून जास्त द्यायची इच्छा असल्यास आधी फोन करावा.

दर रविवारी आलेल्या आणि वापरलेल्या मालाचा हिशेब आपल्याला याच ई-मेलवर मिळेल. पसंतीचा वाटा कळवण्यासाठी या पत्राला उत्तर द्यावे किंवा खालील क्रमांकावर फोन करावा.”

एवढंच पत्र. पुण्याचा उल्लेख नाही, की ‘अन्नदान हे श्रेष्ठ दान’ हे वाक्य नाही. ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुकानदाराला जे माहीत नव्हतं ते सगळं पत्रात आलं: काय, किती, कोणत्या वारी, कुठपर्यंत आणि कोण न्यायला येणार. मुदत घालण्याचा फायदा मला नंतर समजला. कायमचं काही घ्यायला माणूस बिचकतो, तीन महिन्यांना पटकन ‘हो’ म्हणतो.

ई-मेल गेला कुठे?

पत्र पाठवलं आणि तीन दिवसांत फक्त चार उत्तरं आली. ताई खट्टू झाल्या. मी बाजारात माझ्या ओळखीच्या एका भुसार दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, “कसला मेल? मला काय नाही आला.” पत्ता बरोबर होता. मग उलगडा झाला. जीएसटीची नोंदणी करताना ई-मेल द्यावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानदारांनी त्या वेळी आपल्या कर सल्लागाराचाच ई-मेल देऊन टाकला आणि बिलावरही तोच छापला. त्यामुळे एका कर सल्लागाराच्या कार्यालयात आमची नऊ पत्रं जाऊन पडली होती!

म्हणून ताईंनी तोच मजकूर एका पानावर छापून घेतला आणि त्याच पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मग दोन दिवस त्या स्वतः दुकानोदुकानी फिरल्या. वेळही बघितली. भुसार दुकानात सकाळी अकराच्या आधी गिऱ्हाईक कमी असतं. भाजीच्या अडत्याकडे पहाटे लिलावाच्या वेळी गेलं तर तो बोलणार नाही, लिलाव उरकून हिशेब झाल्यावर जायचं. पान पुढं ठेवलं की दुकानदार आधी खाली बघायचा आणि विचारायचा, “डाळीचे किती वाटे गेले?” कुणी घेतलेला वाटा ताई त्याच्यासमोरच पानावर खोडत. दुसऱ्या दुकानात ते खोडलेले वाटे दिसले की बोलणं लवकर संपे.

मग ई-मेलचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग झाला. बाजार समितीच्या कार्यालयात आणि एका मोठ्या किराणा मॉलमध्ये लेखी पत्राशिवाय काही हलत नाही, तिथं तो पुढं पाठवला गेला. आणि दर रविवारचा हिशेब पाठवायला तोच कामी आला.

गुलाबी गहू

आता ज्या कारणासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. पत्रात ‘बियाण्याचे उरलेले धान्य देऊ नये’ हे वाक्य मी आग्रहानं घालायला लावलं होतं. तरी चौथ्या आठवड्यात एका गृहस्थानं वीस किलो गहू पाठवला. घरात शिल्लक होता, चांगल्या मनानं दिला. मामा सुपात घेऊन निवडायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी हात दाखवला. ओल्या बोटांना गुलाबी रंग लागला होता.

मी पोहोचलो तेव्हा पोत्याच्या वरच्या भागात साधा गहू आणि मध्ये मूठ-दोन मुठी रंगीत दाणे असं मिश्रण होतं. पेरणीनंतर पिशवीत राहिलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं घरच्या गव्हात ओतलं गेलं होतं. बियाण्याला बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं. ते ओळखू यावं म्हणूनच त्यात लाल, गुलाबी, हिरवा असा रंग मिसळतात, आणि पिशवीवर हे खाण्यासाठी किंवा जनावरांसाठी वापरू नये असं छापलेलं असतं. पण पिशवी फेकली की इशाराही गेला.

मामा म्हणाले, “रंगाचे दाणे वेचून टाकू आणि बाकीचा धुऊन वाळवू.” मी नाही म्हणालो. औषध दाण्यावरून सुटून भुकटीच्या रूपानं शेजारच्या दाण्यांना लागलेलं असतं. धुऊन रंग जातो, पण औषध पूर्ण गेलं याची खात्री कुणी देऊ शकत नाही. दळल्यावर तर काहीच ओळखता येत नाही. असं धान्य कोंबड्यांना किंवा म्हशीच्या आंबोणातही घालायचं नाही. आम्ही ते पोतं बांधून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि समजावून सांगून ज्यांचं त्यांना परत केलं. त्यांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. गिरणीत ते पोतं गेलं असतं तर त्या दिवशी शंभर माणसं तीच पोळी जेवली असती, आणि तीही दवाखान्याच्या दारात.

तेव्हापासून एक रीत पडली. आलेल्या प्रत्येक पोत्यात तळापर्यंत हात घालून मूठभर धान्य काढायचं, ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळायचं आणि फडकं उजेडात बघायचं. रंग दिसला की पोतं बाजूला. मात्र फडकं स्वच्छ निघालं म्हणजे धान्य निर्धोकच असं समजू नका. घरी बिनरंगी पावडर लावून ठेवलेलं धान्य या परीक्षेत सापडत नाही. म्हणून ‘हे विक्रीच्या पोत्यातलं आहे का, की घरात ठेवलेलं?’ हा प्रश्न विचारायचाच. घरात साठवलेलं असेल तर त्याला काय लावलं होतं तेही विचारायचं. त्याच वेळी एक दाणा दाताखाली फोडायचा. कट्ट आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. पावसाळ्यात ओलसर पोतं एक जरी आत गेलं तरी सोंडे आणि बुरशी बाकीच्यात पसरते.

भाजीचं तसंच. भाव पडला की शेतकरी तोडणी पुढं-मागं करतो. काल फवारलेली वांगी आज दान म्हणून येऊ शकतात. प्रत्येक औषधाच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते दिलेलं असतं. औषधागणिक आणि पिकागणिक ते दिवस वेगळे असतात. विकायच्या मालाला हा नियम आहे आणि दानाच्या मालाला नाही, असं होत नाही. शेतकरी बंधूंनो, आपल्या घरी जी भाजी आपण आज शिजवणार नाही, ती अन्नछत्राला देऊ नका.

दोन नकार आणि एक तूट

पत्रानंतर दोन प्रश्न वारंवार आले. पहिला, “याची प्राप्तिकरात सूट मिळते का?” नाही. वस्तूरूपानं दिलेल्या देणगीला ती सूट मिळत नाही. ती पैशाच्या देणगीला आणि तीही मान्यता असलेल्या संस्थेला दिली तरच मिळते. ताईंनी हे स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावून घेतलेला वाटा महिनाभरही टिकत नाही.

दुसरा प्रस्ताव एका रास्त भाव दुकानातून आला. ‘काही कार्डवाले येत नाहीत, तो तांदूळ न्या.’ हा तांदूळ शिधापत्रिकाधारकांचा आहे, दुकानदाराचा नाही. तो दान करण्याचा हक्क त्याला नाही आणि घेणारा अडचणीत येतो. तोही नाकारला. मात्र शिधापत्रिकेवर धान्य घेणाऱ्या एका बाईनं दर महिन्याला आपल्या बाजारातून घेतलेल्या मसुरीतली अर्धा किलो आणून दिली. ती वजनाच्या वहीत लिहून घेतली.

तूट मात्र राहिली, आणि ती डाळीत. तिसऱ्या आठवड्याचा हिशेब माझ्याकडे आहे. तांदळाचे आठही वाटे आले. गव्हाचे नवापैकी सात. भाजीचे तेरापैकी बारा. डाळीचे चौदापैकी नऊच, म्हणजे १८ किलो. दहा किलो डाळ कमी. पहिल्या वेळेसारखं गुरुवारी कळण्याऐवजी हे सोमवारी दुपारीच वहीत दिसलं. ताईंनी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ टाकली: ‘या आठवड्यात डाळीचे पाच वाटे शिल्लक, गुरुवारपर्यंत हवेत.’ तीन वाटे आले. उरलेली चार किलो डाळ आणि वीस किलो गहू वर्गणीतून घेतले. त्या आठवड्यात कुणी परत गेलं नाही.

सगळे वाटे एकदाही पूर्ण भरले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. सणावाराच्या आठवड्यात दुकानदाराला उसंत नसते, गौरी-गणपतीत गव्हाचे पाचच वाटे आले. म्हणून वर्गणीतली थोडी रक्कम डाळ-गव्हासाठी बाजूला ठेवावीच लागते. नुसत्या वस्तूंच्या दानावर चूल रोज पेटत नाही.

ज्या ग्रामपंचायतींना आरोग्य केंद्राजवळ, ऊसतोड मजुरांच्या तळावर किंवा पुराच्या वेळी शाळेत असं काही चालवायचं असेल, त्यांनी आधी एक आठवडा नुसतं मोजावं: माणसं किती येतात, ताटात किती जातं, भाजी निवडल्यावर किती उरते. पत्र त्यानंतर लिहावं. एक तराजू, एक वही आणि पांढऱ्या फडक्याचा तुकडा एवढं सामान पुरतं.

आणि तो कोबीवाला शेतकरी? पहिल्या वेळी आणलेल्या तीन क्विंटलांपैकी निम्मा कोबी गुरांना गेला, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं. त्यानं दुसरं पत्र बघितलं आणि कोबीचा एक वाटा घेतला. दर गुरुवारी लिलावाला जाताना तो दहा किलोची एक पिशवी अन्नछत्राच्या पायरीवर ठेवून जायचा. मामा ती उचलून वजन करायचे आणि वहीत लिहायचे. घरी न्यायला कोबी घेता का, असं त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.